तक़्बीह : एका शब्दाने झालेली जखम आणि तिच्यातून सावरण्याची वाट

आदरणीय मुआविया बिन हैदा (रजि.) यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना एकदा विचारले की, पत्नीचे आमच्यावर कोणते हक्क आहेत? प्रेषितांनी (स.) दिलेले उत्तर सुनन अबू दाऊदमध्ये आले आहे. त्यात अन्न आहे, वस्त्र आहे, तोंडावर मारण्याची मनाई आहे. आणि त्या मनाईला लागूनच आणखी एक मनाई आहे, ती म्हणजे ‘तक़्बीह’ न करण्याची. ‘क़बीह’ म्हणजे कुरूप, ओंगळ. तक़्बीह म्हणजे एखाद्याला कुरूप ठरविणे. इमाम अबू दाऊद यांनी खुलासा केला आहे की, अल्लाह तुला कुरूप करो अशा तऱ्हेचे बोल पत्नीला बोलणे म्हणजे तक़्बीह. चेहऱ्यावर उगारलेला हात आणि चेहऱ्यावर फेकलेला शब्द, दोहोंची मनाई एका श्वासात आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हाच शब्द दुसऱ्या एका प्रसिद्ध हदीसमध्येही येतो. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ‘उम्मे जर्अ’ची हदीस आहे. अकरा स्त्रिया एकत्र बसून आपापल्या पतीचे खरे वर्णन करतात, असा तो वृत्तांत. त्यांतील तिसरी सांगते की, तिने तोंड उघडले तर तलाक आणि गप्प राहिली तर अधांतरी लटकणे, एवढेच तिच्या नशिबी आहे. अकरावी, उम्मे जर्अ, मात्र आपल्या पतीविषयी सांगते की, त्याच्याकडे ती बोलत असे आणि तिच्या बोलण्याची तक़्बीह होत नसे. येथे शब्द तोच आहे, पण विषय चेहऱ्याचा नाही. विषय तिच्या मताचा आहे. म्हणजे अरबी भाषेने आणि हदीसने एकाच शब्दात दोन्ही गोष्टी धरल्या: स्त्रीच्या रूपाला नावे ठेवणे आणि तिच्या बोलण्याला, निर्णयाला नावे ठेवणे. ज्या घरात एक सुरू होते त्या घरात दुसरे सहसा मागे राहत नाही.

अशा घरातून बाहेर पडलेल्या भगिनीने स्वतःची किंमत पुन्हा कशी ओळखावी, हा या पाठाचा विषय आहे.

जखम कोठे होते?

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका घरचे नाही. उपनगरांतील अनेक घरांतून ऐकू येणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचले आहे.

घाटकोपरला माहेर असलेली, वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एक भगिनी. लग्नाला नऊ वर्षे झाली. पतीने कधी हात उचलला नाही, म्हणून नातेवाइकांच्या दृष्टीने संसार चांगला होता. पण रोज सकाळी तिच्या रंगावर शेरा, अंगावर शेरा, ओढणीवर शेरा. तिने भाजी आणली तर ती चुकीची, डॉक्टर निवडला तर तो चुकीचा. कोठे गेलीस, कोणाशी बोललीस, किती खर्च केलास, याचा रोज हिशेब. अखेर खुलअ झाला, इद्दत संपली, मुलीला घेऊन ती माहेरी आली. आता टोकणारा कोणी नाही. तरीही बाजारात दुधाची पिशवी घेताना ती भावाला फोन करते की, कोणती घेऊ? आरशासमोर उभी राहिली की तिला स्वतःचा चेहरा दिसण्याआधी त्याचा आवाज ऐकू येतो. कोणी काही म्हणण्याआधीच ती माफी मागते.

येथे नेमके काय झाले आहे ते समजले पाहिजे. नऊ वर्षे प्रत्येक कृतीनंतर निकाल दुसऱ्याने दिला. मनाने त्यातून एक बचाव शिकून घेतला: निर्णयच घेतला नाही तर बोलणी बसणार नाहीत. त्या घरात हा बचाव उपयोगाचा होता. घर सुटल्यावर तोच पायातील बेडी झाला. म्हणून ही भगिनी मूळची दुबळी किंवा अडाणी आहे असे समजणे चुकीचे आहे. तिच्या ईमानमध्ये कमतरता आहे असे म्हणणे त्याहून चुकीचे. आणि केवळ ‘सबर कर’ एवढाच उपदेश देणे म्हणजे जखम न पाहता पट्टी बांधणे होय. सबरचा अर्थ सत्यावर टिकून राहणे असा आहे. खोट्या निकालाला खरे मानून गप्प बसणे असा नाही.

पहिले काम : साक्ष तपासणे

मदरशात हदीसशास्त्र शिकताना ‘जर्ह व तअदील’ हा विषय शिकविला जातो. हदीस सांगणारा माणूस विश्वसनीय आहे की नाही, हे पारखण्याचे ते शास्त्र. ‘जर्ह’ म्हणजे त्याच्यावर घेतलेला आक्षेप. या शास्त्रात बहुसंख्य विद्वानांनी मान्य केलेला एक नियम असा की, ज्याची विश्वसनीयता सिद्ध आहे त्याच्याविरुद्ध ‘जर्हे मुबहम’, म्हणजे कारण न सांगता केलेला मोघम आक्षेप, ग्राह्य धरला जात नाही. आक्षेप ‘मुफस्सर’ हवा, म्हणजे नेमके काय, कधी, कसे चुकले हे सांगणारा हवा. दुसरा नियम असा की, वैर किंवा चढाओढ यांतून आलेला आक्षेप स्वीकारला जात नाही.

प्रेषितांच्या (स.) वचनाचा दर्जा ठरविताना जो नियम आपल्या विद्वानांनी पाळला, तो एका भगिनीच्या आयुष्याचा निकाल लावताना का पाळू नये?

एक वही घ्यावी. मनात जो आवाज येतो तो शब्दशः डाव्या बाजूला लिहावा. उजव्या बाजूला लिहावे: हा आक्षेप मुबहम की मुफस्सर? ‘तुला काही कळत नाही’, ‘तुझ्याकडे बघवत नाही’, ‘तू जिथे हात लावशील तिथे घाण’ ही सर्व वाक्ये मुबहम आहेत. त्यांत तारीख नाही, घटना नाही, तपासण्याजोगे काहीच नाही. ती फेटाळण्यासाठी स्वतःची स्तुती करण्याची गरज नाही. साक्ष अपुरी आहे म्हणून ती फेटाळली जातात. ‘मार्च महिन्यात विजेचे बिल भरायचे राहिले’ हे वाक्य मात्र मुफस्सर आहे. ते खरे असेल तर मान्य करावे, आणि त्याचा अर्थ तेवढाच घ्यावा: एक बिल राहिले.

आठवडाभर अशी नोंद ठेवली तर बहुधा असे दिसते की, डाव्या बाजूची बहुतेक वाक्ये मुबहम आहेत आणि तीच तीच आहेत. नऊ वर्षांत हजार वेळा बोललेले वाक्य हजार साक्षींसारखे भासते. प्रत्यक्षात ती एकाच साक्षीदाराची एकच साक्ष असते, आणि तो साक्षीदारही पक्षपाती. कुरआनने सूरह हुजुरातमध्ये (49:6) बेभरवशाच्या माणसाने आणलेली बातमी तपासून घेण्याचा आदेश दिला आहे, कारण न तपासता वागल्यास अजाणतेपणी कोणावर तरी अन्याय होतो. तो ‘कोणीतरी’ आपण स्वतःही असू शकतो.

दुसरे काम : निर्णयाचा क्रम सुधारणे

आपल्या उदाहरणातील भगिनीला मुलुंडच्या एका शाळेच्या कार्यालयात नोकरी चालून आली. तिने आईला विचारले, भावाला विचारले, खालाला विचारले, शेजारणीला विचारले, मौलानांना विचारले. प्रत्येकाचे उत्तर वेगळे. मग सात रात्री इस्तिखारा केला आणि स्वप्नाची वाट पाहिली. स्वप्न पडले नाही. कळविण्याची मुदत निघून गेली. तिने निष्कर्ष काढला की, तो म्हणत होता तेच खरे, मला काही ठरविताच येत नाही.

येथे चूक तिच्या कुवतीत नाही, क्रमात आहे. मशवरा आणि इस्तिखारा या दोन्ही अल्लाहने दिलेल्या देणग्या, पण त्यांचा उपयोग ती निर्णय टाळण्यासाठी करीत होती. सूरह आलि इमरानमध्ये (3:159) प्रेषितांना (स.) सोबत्यांशी सल्लामसलत करण्याचा आदेश देऊन लगेच सांगितले आहे की, एकदा निश्चय केला की मग भरवसा अल्लाहवर ठेवावा. तीन पायऱ्या आहेत: मशवरा, अज्म म्हणजे निश्चय, आणि तवक्कुल. मधली पायरी सल्लागाराची नाही; ती निर्णय घेणाऱ्याची आहे. प्रेषित (स.) सोबत्यांचा सल्ला घेत, पण निश्चय स्वतः करीत.

इस्तिखाराचेही तसेच. सहीह बुखारीत आदरणीय जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा आहे की, जेव्हा तुमच्यापैकी कोणी एखाद्या कामाचा इरादा करील, तेव्हा त्याने दोन रकअत नफल नमाज पढून ही दुआ मागावी. म्हणजे इरादा आधी, इस्तिखारा नंतर. त्या हदीसमध्ये स्वप्नाचा उल्लेख नाही, रंगाचा नाही, सात रात्रींची अटही नाही. दुआत आपण मागतो ते एवढेच की, हे काम माझ्यासाठी हिताचे असेल तर ते सोपे कर, अहिताचे असेल तर ते माझ्यापासून दूर कर आणि मला त्यापासून दूर कर. त्यानंतर पाऊल टाकायचे असते. वाट उघडणे वा बंद होणे हेच उत्तर.

आता हेच उदाहरण योग्य क्रमाने पाहू. पुन्हा अशी नोकरी आली तर तिने सल्लागार दोनच निवडावेत: एक जिला त्या कामाची माहिती आहे, दुसरी जिला तिची स्वतःची माहिती आहे. त्यांना ‘मी काय करू?’ असे विचारू नये, नेमके विचारावे. घाटकोपरहून मुलुंड धीम्या लोकलने पाचवे स्थानक. सकाळच्या वेळी ही गाडी झेपेल का? मुलगी शाळेतून येईल तेव्हा घरी कोण असेल? पगारातून प्रवास वजा जाता काय उरेल? उत्तरे वहीत लिहावीत. मग स्वतः इरादा करावा, दोन रकअत पढाव्यात, आणि दुसऱ्या दिवशी होकार किंवा नकार कळवावा.

मोठ्या निर्णयाआधी लहान निर्णयांचा सराव हवा. दूध, भाजी, ओढणीचा रंग, मुलीचा डबा: दिवसातून असा एक निर्णय कोणालाही न विचारता घ्यावा आणि रात्री वहीत लिहावा. तो योग्य ठरला की नाही हे लिहू नये. घेतला एवढेच लिहावे. कारण तुटलेली गोष्ट निर्णय घेण्याची सवय आहे, आणि सवय कृतीने जुळते.

आणि निर्णय चुकला तर? समजा, महिनाभराने लक्षात आले की नोकरीची वेळ आणि मुलीच्या शाळेची वेळ जुळत नाही. जुना आवाज तत्काळ उठेल. येथे पुन्हा मुफस्सरचा नियम लावावा: चुकले काय? वेळेचा अंदाज. उपाय काय? वेळ बदलून मागणे, किंवा मुलीची सोय करणे. आपल्या धर्मात तर न्यायाधीशाने पूर्ण प्रयत्न करून निवाडा दिला आणि तो चुकला, तरी त्याला एक पुण्य आहे, असे हदीस सांगते. ती गोष्ट जाणकार न्यायाधीशाची आहे हे खरे. पण प्रामाणिक प्रयत्नानंतरची चूक म्हणजे गुन्हा नव्हे, ही शिकवण तिच्यात सर्वांसाठी आहे.

तिसरे काम : किंमत कोणाच्या तराजूत?

रूपाची जखम अधिक खोल असते. येथे जवळची माणसे प्रेमाने एक चूक करतात. ती म्हणतात, ‘तू तर किती सुंदर आहेस!’ दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी पुन्हा कोणाच्या तरी तोंडून ते ऐकावेसे वाटते. निकाल चांगला आला, पण निकाल देणारा अजून दुसराच आहे.

उम्मे जर्अच्या हदीसचा शेवट येथे ध्यानात घ्यावा. पतीने तिला इतका मान दिला की, ती स्वतःच्या नजरेत उंचावली, असे ती स्वतः सांगते. पतीने कसे वागावे याचा हा उत्तम नमुना आहे, प्रेषितांनी (स.) आदरणीय आयेशा (रजि.) यांना सांगितले की, अबू जर्अ उम्मे जर्असाठी जसा होता तसा मी तुझ्यासाठी आहे. पण पुढे त्याच अबू जर्अने दुसरी स्त्री पाहून तिला तलाक दिला. नंतरच्या पतीने तिला भरभरून दिले, तरी ते सारे मिळून अबू जर्अच्या सर्वांत लहान भांड्याइतकेही भरणार नाही, असे ती म्हणते. कोणाच्या कौतुकातून आलेली किंमत त्या माणसाबरोबर निघून जाते. निंदेने आलेली हीनता आणि स्तुतीने आलेली उंची, दोन्ही उसनी असतात.

मग प्रेषितांनी (स.) दुखावलेल्याला काय दिले? आदरणीय सफिया (रजि.) यांचा प्रसंग तिर्मिजीमध्ये आहे. आदरणीय हफ्सा (रजि.) यांनी त्यांना यहुद्याची मुलगी म्हटले, ते कानी येऊन त्या रडत होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की, तू एका नबीची कन्या आहेस, तुझे चुलते नबी आहेत आणि तू एका नबीची पत्नी आहेस, मग कोणत्या गोष्टीत ती तुझ्यापेक्षा श्रेष्ठ? हा निर्देश आदरणीय हारून व आदरणीय मूसा (अलै.) यांच्याकडे होता. त्यानंतर त्यांनी आदरणीय हफ्सा (रजि.) यांना अल्लाहची भीती बाळगण्यास सांगितले. येथे दोन गोष्टी झाल्या. दुखावलेलीला नुसता धीर दिला नाही, तर बोलणाऱ्याच्या शब्दाने न बदलणारे सत्य हाती दिले. आणि बोलणाऱ्याला मोकळे सोडले नाही.

रूपाविषयी आदरणीय जाहिर (रजि.) यांची कथा आहे. ते खेडवळ होते, दिसायला साधारण होते. बाजारात माल विकत असताना प्रेषितांनी (स.) त्यांना मागून मिठी मारली आणि गंमतीने विचारले की, याला कोण विकत घेईल? जाहिर म्हणाले की, मग तर आपणास मी फार स्वस्त माल ठरेन. प्रेषितांनी (स.) लगेच त्यांना सांगितले की, अल्लाहकडे मात्र तू स्वस्त नाहीस. त्यांनी जाहिर यांच्या रूपाची खोटी स्तुती केली नाही. त्यांनी तराजू बदलला.

म्हणून आरशासमोर उभे राहताना एक साधा अभ्यास करावा. चेहरा धुताना, वुजू करताना, त्या अवयवाने आज काय केले ते मनात आणावे: या डोळ्यांनी मुलीचा अभ्यास घेतला, या हातांनी आईची औषधे दिली. मग ती दुआ मागावी जिचा आशय असा आहे की, हे अल्लाह, तू माझी घडण सुंदर केलीस, तसा माझा स्वभावही सुंदर कर. ही दुआ हदीसने सिद्ध आहे. ती आरसा पाहतानाच म्हणावी, हा भाग तितक्या बळकट सनदेने आलेला नाही, म्हणून ती केव्हाही म्हणावी. तिची सुरुवातच घडण सुंदर असल्याच्या कबुलीने होते, आणि तो निकाल घडविणाऱ्याचा आहे.

घरच्यांची जबाबदारी

अनेकदा असे होते की, पतीचे घर सुटते आणि माहेरी तोच आवाज नव्या तोंडून सुरू होतो: ‘तुझ्या अकलेने चाललीस म्हणून हे झाले, आता तरी आम्ही सांगतो तसे कर.’ इद्दत संपताच दुसऱ्या स्थळाची घाई होते. ज्या भगिनीला अजून ‘नाही’ म्हणता येत नाही, तिच्या ‘हो’ला संमती समजणे धोक्याचे आहे. तिला आधी नकार देता यावा, मग स्थळ पाहावे.

काही बांधव विचारतात की, पती ‘क़व्वाम’ आहे, मग निर्णय त्याचाच नव्हे काय? क़व्वाम असणे ही भार वाहण्याची जबाबदारी आहे. पत्नीचे डोके बंद ठेवण्याचा परवाना नाही. सूरह बकरामध्ये (2:233) तान्ह्या बाळाचे दूध दोन वर्षांआधी सोडवायचे असेल, तर ते आई-वडील दोघांच्या राजीखुशीने आणि परस्पर सल्ल्याने व्हावे, असे सांगितले आहे. दूध सोडविण्यासारख्या घरगुती बाबतीतही अल्लाहने एकट्याचा हुकूम चालविला नाही. आणि हुदैबियाच्या प्रसंगी, हिजरी सन 6 मध्ये, सोबती दुःखाने जागचे हलत नव्हते तेव्हा आदरणीय उम्मे सलमा (रजि.) यांनी दिलेला सल्ला स्वतः प्रेषितांनी (स.) मानला.

ज्या भगिनी अजून अशा घरात आहेत त्यांनी हेही जाणावे की, अंगावर वळ नसला तरी तक्रारीला आधार आहे. मुस्लिम विवाहविच्छेद कायदा, 1939 याच्या कलम 2 मध्ये, मारहाण नसली तरी क्रूर वागणुकीने जीवन असह्य करणे हे पत्नीला विवाहविच्छेद मागण्याचे एक कारण आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 यात अपमान, टिंगल, हिणविणे यांना शाब्दिक व भावनिक छळ म्हटले आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिकेने सेहत या संस्थेबरोबर सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्र अशा स्त्रियांसाठीच आहे. पुढे इतर पालिका रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. आणि झोप उडाली, अन्न जात नाही, नमाजमध्येही मन सुन्न राहते, जगणे नकोसे वाटते, असे दिवसेंदिवस होत असेल तर वही व उपदेश पुरेसे नाहीत, मानसोपचार घ्यावा. 14416 या क्रमांकावर शासनाची टेलिमानस सेवा विनामूल्य आहे. उपचार करणे ही सुन्नत आहे.

सावरत असल्याची खूण काय? आवाज पूर्ण थांबणे ही खूण नाही; तो पुष्कळ काळ येत राहतो. खूण ही की, एका निर्णयासाठी पूर्वी पाच जणांना विचारावे लागे, आता एकीला पुरते. कारण नसताना मागितलेली माफी कमी होते. आणि चूक झाली की ‘मी अशीच’ याऐवजी ‘हे चुकले’ असे शब्द तोंडी येतात.

हे अल्लाह, आमच्या जिभांना कोणाचीही तक़्बीह करण्यापासून वाचव, ज्या भगिनींची मने शब्दांनी मोडली आहेत ती जोड, आणि आमची किंमत आम्हाला तुझ्या तराजूत पाहण्याची बुद्धी दे. आमीन.